सल्लागार मंडळाचे इतिवृत्त: सल्ला एका कागदावर, निर्णय दुसऱ्या

प्रश्न: आमच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीने बाहेरच्या तीन तज्ज्ञांचे सल्लागार मंडळ नेमले आहे आणि त्याच्या बैठकांचे इतिवृत्त मी लिहितो. मागच्या वेळी मी ‘सविस्तर चर्चेअंती असे ठरले’ असे लिहिले, त्यावर एका तज्ज्ञ मॅडमचा मेल आला की ‘मी सल्ला दिला होता, ठरवले काहीच नव्हते, आणि जे ठरले असे लिहिले आहे ते माझ्या सल्ल्याच्या विरुद्ध आहे.’ आमचे एमडी म्हणतात, सगळे त्या खोलीतच ठरले, मग दोन कागद कशाला? इतिवृत्त नेमके कसे लिहावे, आणि जे पाठवून झाले आहे त्याचे काय करू?

उत्तर: मॅडमचा आक्षेप रास्त आहे आणि एमडींचे म्हणणेही खोटे नाही. दोघेही त्याच खोलीत बसले होते, परंतु त्या खोलीत दोन वेगळी कामे झाली. तज्ज्ञांनी मत दिले आणि अधिकार असलेल्या माणसाने निर्णय घेतला. आपल्या वाक्यात या दोन्ही कामांचा कर्ता नाहीसा झाला आहे. मी कंपनी सचिव म्हणून मुंबई आणि नवी मुंबईतल्या मध्यम आकाराच्या कंपन्यांचे काम पाहते, आणि सल्लागार मंडळाबाबतचे बहुतेक वाद याच जागी उभे राहिलेले मी पाहिले आहेत.

कंपनी कायदा, 2013 मध्ये ‘सल्लागार मंडळ’ नावाची कोणतीही रचना नाही. कायद्याला माहीत आहे ते संचालक मंडळ आणि त्याच्या समित्या. त्यामुळे कलम 118 मधील इतिवृत्ताचे नियम, म्हणजे बैठकीनंतर 30 दिवसांत इतिवृत्त वहीत नोंदवणे वगैरे, सल्लागार मंडळाच्या बैठकीला लागू होत नाहीत. याचा पहिला व्यावहारिक परिणाम असा की हे इतिवृत्त संचालक मंडळाच्या वहीत, त्याच अनुक्रमांकात कधीही ठेवू नये. त्याची फाइल वेगळी, शीर्षक वेगळे आणि भाषाही वेगळी असावी. गणपूर्ती, ठराव, अनुमोदन, ‘सर्वानुमते संमत’ हे शब्द संचालक मंडळाच्या बैठकीचे आहेत. ते सवयीने इकडे आले की वाचणाऱ्याला वाटते, या मंडळाला मतदानाचा आणि निर्णयाचा अधिकार आहे.

दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. कायद्याच्या कलम 2(60) मध्ये, कंपनीकडून कसूर झाल्यास कोणाला जबाबदार धरायचे, याच्या व्याख्येत अशी व्यक्तीही येते की जिच्या सल्ल्यानुसार, निर्देशांनुसार किंवा सूचनांनुसार वागण्याची संचालक मंडळाला सवय झाली आहे. व्यावसायिक नात्याने सल्ला देणाऱ्यांना त्यातून वगळले आहे. प्रयोगशाळा चालवणाऱ्या तज्ज्ञ किंवा सनदी लेखापाल यांच्याबाबतीत हा अपवाद सहज मांडता येतो, परंतु केवळ अनुभवाच्या बळावर मंडळावर बसलेल्या एखाद्या निवृत्त अधिकाऱ्यांच्या बाबतीत तो तितक्या सहजपणे लागू होईलच, असे मी कोणाला सांगणार नाही. ते नेमणूकपत्रात काय लिहिले आहे आणि प्रत्यक्षात कामकाज कसे चालते, यावर अवलंबून आहे. म्हणून ज्या इतिवृत्तात तज्ज्ञांनी ‘ठरवले’ आणि कंपनीने निमूटपणे ‘अंमलात आणले’ असे पानामागून पान दिसते, ते त्या तज्ज्ञांसाठी धोक्याचे असते. संचालकांसाठीही ते बरे नाही, कारण कलम 166 नुसार स्वतंत्रपणे विचार करून निर्णय घेणे हे त्यांचे कर्तव्य आहे आणि ‘तज्ज्ञ म्हणाले म्हणून केले’ एवढ्याने ते पार पडत नाही.

आता माझ्या कामातले एक प्रकरण तपशिलाने सांगते, कारण त्यातून कागद कसा दिसतो ते नीट कळेल. तुर्भे एमआयडीसीतली एक खाद्यपदार्थ कंपनी चिंचेची चटणी काचेच्या बाटलीत विकत होती आणि लेबलवर सहा महिन्यांची मुदत छापत होती. त्यांना तीच चटणी पाउचमध्ये आणायची होती आणि मुदत नऊ महिने करायची होती. सल्लागार मंडळावर एक अन्नतंत्रज्ञ, वितरणातले एक अनुभवी गृहस्थ आणि एक निवृत्त बँक अधिकारी होते. व्यवस्थापनाकडून एमडी, उत्पादन प्रमुख आणि वित्त प्रमुख हजर होते. बैठकीनंतर तिथल्या कनिष्ठ अधिकाऱ्यांनी केलेला पहिला मसुदा असा होता:

‘पाउचच्या मुदतीबाबत सखोल चर्चा झाली. प्रयोगशाळेचे निष्कर्ष समाधानकारक असल्याने मुदत नऊ महिने ठेवण्यास मंडळाने मान्यता दिली. यंत्रखरेदीसाठी कर्ज घेण्याचे ठरले.’

या तीन वाक्यांत चार गोष्टी हरवल्या होत्या. अन्नतंत्रज्ञांनी नऊ महिन्यांना पाठिंबा दिलाच नव्हता. पाठिंबा दिला होता तो वितरणवाल्यांनी, तोही दुकानदारांच्या अडचणीच्या कारणावरून. ‘मंडळ’ म्हणजे कोणते, हे कळत नव्हते. आणि कर्ज घेण्याचे तर तिथे ठरूच शकत नव्हते. पैसे उभे करण्याचा अधिकार कलम 179 प्रमाणे संचालक मंडळाने आपल्या बैठकीत ठराव करून वापरायचा असतो, किंवा तसा ठराव करून समितीकडे वा व्यवस्थापकीय संचालकांकडे सोपवायचा असतो. त्या कंपनीत तो सोपवलेला नव्हता. योगायोगाने तिन्ही संचालक त्या खोलीत हजर असते, तरीही ती संचालक मंडळाची बैठक झाली नसती, कारण तिची रीतसर सूचना दिलेली नव्हती.

आम्ही तो मसुदा बाजूला ठेवला आणि दोन कागद केले.

पहिला कागद म्हणजे सल्ल्याची नोंद. त्यात प्रत्येक विषयाखाली आधी व्यवस्थापनाने विचारलेला प्रश्न लिहिला, जसा विषयपत्रिकेत पाठवला होता तसाच: ‘पाउचमधील चटणीची मुदत नऊ महिने छापणे योग्य ठरेल का?’ प्रश्न लिहिल्याने सल्ल्याची हद्द ठरते. त्यानंतर तज्ज्ञांपुढे कोणती कागदपत्रे होती ते लिहिले. हा भाग लोक हमखास गाळतात, आणि पुढे सगळ्यात जास्त उपयोगी तोच पडतो. इथे त्यांच्यापुढे वाढीव तापमानात केलेल्या जलद चाचणीचा अहवाल आणि नेहमीच्या तापमानातील साठवणुकीचे पाच महिन्यांचे निष्कर्ष होते. पाउचच्या सीलिंगच्या चाचणीचा अहवाल नव्हता. तो नव्हता, हेही आम्ही लिहिले. त्यानंतर सल्ला, ज्याने दिला त्याच्या नावावर:

‘अन्नतंत्रज्ञांनी असे मत दिले की जलद चाचणीचे निष्कर्ष समाधानकारक असले तरी ते बाटलीतील नमुन्यांवर आधारित आहेत. पाउचमधील नमुन्यांची नेहमीच्या तापमानातील साठवणूक नऊ महिने पूर्ण होईपर्यंत नऊ महिन्यांची मुदत छापू नये, असा त्यांचा सल्ला आहे. प्रत्येक बॅचचा पीएच तपासून तो 4 च्या खाली असल्याची नोंद ठेवावी, असेही त्यांनी सुचवले. सीलिंग चाचणीचा अहवाल पाहिल्याशिवाय पाउचच्या साहित्याबाबत मत देता येणार नाही, असे त्यांनी स्पष्ट केले.’

‘वितरण सल्लागारांनी असे मत दिले की मुदतीचा मोठा भाग शिल्लक नसेल तर मोठ्या साखळी दुकानांकडून माल परत येतो. त्यामुळे व्यापाराच्या दृष्टीने नऊ महिन्यांची मुदत श्रेयस्कर आहे. सुरक्षिततेचा प्रश्न आपल्या विषयाच्या बाहेरचा असल्याचे त्यांनी नमूद केले.’

सल्ल्याला लागलेली अट सल्ल्यापासून तोडू नये. पीएचच्या अटीवर तज्ज्ञांचा भर होता तो अशासाठी की पीएच 4.6 च्या वर गेला तर हवाबंद पाकिटात बॉट्युलिझमचे जिवाणू वाढण्याचा धोका असतो, आणि चिंचेचा आंबटपणा बॅचगणिक बदलतो. ‘तज्ज्ञांनी पाउचला अनुकूलता दर्शवली’ एवढेच लिहिले असते तर सल्ल्याचा प्राणच गेला असता. तसेच मतभेद मिटवून एक गुळगुळीत ‘मंडळाचे मत’ तयार करण्याची काहीच गरज नसते. सल्लागार मंडळाला एकमत व्हायचे बंधन नाही. दोन मते असतील तर दोन परिच्छेद लिहावेत.

दुसरा कागद म्हणजे व्यवस्थापनाची निर्णय नोंद. ती एमडींच्या नावाने, त्यांच्या सहीने आणि त्या दिवशीच्या तारखेने केली:

‘मुदतीबाबत: संचालक मंडळाच्या ठरावाने मला दिलेल्या अधिकारांत मी असा निर्णय घेत आहे की पाउच सध्या सहा महिन्यांच्या मुदतीनेच बाजारात आणावा. पाउचमधील नमुन्यांचे नऊ महिन्यांचे निष्कर्ष हाती आल्यावर मुदतीचा फेरविचार करीन. वितरण सल्लागारांनी दाखवलेली व्यापारी अडचण मी विचारात घेतली आहे, परंतु मुदतीची जबाबदारी उत्पादक म्हणून कंपनीची असल्याने पुरेशा चाचणीशिवाय ती वाढवणे मला योग्य वाटत नाही. पीएचची तपासणी प्रत्येक बॅचला होईल. जबाबदारी: उत्पादन प्रमुख. सीलिंग चाचणीचा अहवाल आल्याखेरीज पहिली बॅच बाहेर जाणार नाही. यंत्रखरेदी व कर्जाचा प्रस्ताव संचालक मंडळाच्या पुढील बैठकीपुढे ठेवावा.’

या नोंदीत निर्णय कोणाचा, कोणत्या अधिकाराने, कोणता सल्ला स्वीकारला, कोणता नाही आणि का नाही, हे सगळे आले. ‘का नाही’ हे एक-दोन वाक्यांत पुरते, परंतु ते असलेच पाहिजे. सल्ला डावलणे हा व्यवस्थापनाचा हक्क आहे. कारण न लिहिता डावलला, तर पुढे काही बिघडल्यावर तो निष्काळजीपणासारखा दिसतो. आणि सगळाच सल्ला कारण न लिहिता स्वीकारला जात असेल, तर वर सांगितलेल्या कलम 2(60) च्या दिशेने आपण स्वतःच पुरावा गोळा करत असतो.

आता आपल्या एमडींच्या मुद्द्याकडे येते. निर्णय खरोखरच त्या बैठकीत, सर्वांसमोर जाहीर झाला असेल तर तो नंतर घेतल्याचे दाखवू नये. कागदाची मांडणी सुबक दिसावी म्हणून वेळ किंवा क्रम बदलणे ही खोटी नोंद आहे आणि तिचे कोणतेही समर्थन नाही. अशा वेळी सल्ल्याच्या नोंदीत एवढेच लिहावे की ‘सल्ला ऐकल्यानंतर व्यवस्थापकीय संचालकांनी आपला निर्णय बैठकीतच सांगितला. तो स्वतंत्र निर्णय नोंदीत दिला आहे,’ आणि निर्णय नोंदीवर तीच तारीख घालावी. दोन कागद करायचे ते वेळ वेगळी दाखवण्यासाठी नसतात. कर्ता आणि अधिकार वेगळा दाखवण्यासाठी असतात. तरीही पुढच्या बैठकांसाठी मी सुचवीन की विषयपत्रिकेतच बैठकीचे दोन भाग करावेत. पहिल्या भागात तज्ज्ञ आणि व्यवस्थापन दोघेही असतील. मग तज्ज्ञांचा निरोप घेऊन व्यवस्थापनाने अर्धा तास स्वतंत्र बसावे. तज्ज्ञ समोर असताना त्यांच्या मताविरुद्ध जाणे आपल्याकडे भिडस्तपणामुळे अवघड जाते, त्यामुळे मान डोलावली जाते आणि ती मान इतिवृत्तात ‘मान्यता’ म्हणून उतरते. खोली रिकामी झाली की एमडींनाही खुलेपणाने बोलता येते.

हजेरीची नोंदही विषयवार ठेवावी. जुलैच्या पावसात हार्बर लाइन बंद पडली आणि एखादे तज्ज्ञ तासभर उशिरा पोहोचले, तर पहिल्या दोन विषयांवर ते नव्हते हे लिहिणे आवश्यक आहे. नाहीतर त्या विषयांवरचे त्यांचे मौन संमतीसारखे वाचले जाते. व्हिडिओ कॉलवरून मध्येच तुटलेल्यांनाही हेच लागू आहे.

कामांच्या यादीबाबत एक सावधगिरी सांगते, कारण तिथे वेगळ्याच वाटेने तीच चूक होते. बैठकीच्या शेवटी ‘कोण काय करणार’ याचा तक्ता करताना तज्ज्ञांच्या नावापुढे ‘चाचणीचा आराखडा मंजूर करणे’, ‘पुरवठादार निवडणे’ अशी कामे लिहिली जातात. मंजूर करणे आणि निवडणे हे निर्णय आहेत. तज्ज्ञांच्या नावापुढे ‘आराखड्यावर लेखी अभिप्राय देणे’ असे लिहावे आणि मंजुरीची ओळ उत्पादन प्रमुखांच्या नावावर ठेवावी. हा तक्ता सल्ल्याच्या नोंदीला जोडू नये, निर्णय नोंदीला जोडावा.

तज्ज्ञांचे नाव घालून सल्ला लिहायचा की नाही, याचे एकच उत्तर मी देऊ शकत नाही. तांत्रिक सल्ला असेल तर माझ्या मते नाव असावे, कारण त्या मताचे वजन त्या व्यक्तीच्या अभ्यासात असते. परंतु काही तज्ज्ञ इतरत्र नोकरीत असतात, काहींना त्यांच्या संस्थेची परवानगी लागते, तर काहींना मोकळेपणाने बोलता यावे म्हणून नाव नको असते. हे नेमणूकपत्रातच ठरवून घ्यावे. त्या पत्रात आणखी एक वाक्य असावे, की मंडळाचे काम सल्ला देण्यापुरते आहे, तो कंपनीवर बंधनकारक नाही आणि सदस्य कंपनीच्या वतीने कोणतेही वचन देऊ शकत नाहीत. हे वाक्य उपयोगाचे आहेच, पण इतिवृत्ते त्याच्या उलट बोलत असतील तर त्या एका वाक्याच्या आधारावर फार विसंबू नये.

मसुदा फिरवण्याची शिस्त मी संचालक मंडळाच्या बैठकांच्या सचिवीय मानकातून उसनी घेते, म्हणजे 15 दिवसांत मसुदा आणि त्यानंतर सात दिवसांत अभिप्राय. इथे ती बंधनकारक नाही, पण सोयीची आहे. मात्र तज्ज्ञांकडे फक्त सल्ल्याची नोंद पुष्टीसाठी पाठवावी, आणि तीही त्यांनी आपापले म्हणणे तपासावे म्हणून. निर्णय नोंद त्यांना माहितीसाठी देता येते, पण तिच्यावर त्यांची संमती मागू नये. मागितली की निर्णयात त्यांचा हात पुन्हा येतो.

अभिप्राय आल्यावर एक बारीक फरक करावा लागतो. ‘मी असे म्हणालो नव्हतो’ ही दुरुस्ती आहे. टिपणे पाहून ती मसुद्यात करावी. ‘मी आता वेगळा विचार करतो आहे’ हा नवा सल्ला आहे. तो मूळ नोंदीत मिसळू नये, तर तारखेसह पुरवणी म्हणून खाली जोडावा, कारण व्यवस्थापनाने निर्णय घेतला तेव्हा त्यांच्यापुढे जुना सल्ला होता. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर बैठकीनंतर आलेले सल्लेही असेच तारखेसह पुरवणीत घ्यावेत. तिथला ‘हो, चालेल’ हा निर्णय मानून कोणी माल रवाना केला, असे होऊ देऊ नये. आपली हस्तलिखित टिपणे आणि ध्वनिमुद्रण नोंदीची पुष्टी होईपर्यंत जपावे. वाद निर्माण झाला असेल, जसा आपल्याकडे झाला आहे, तर तो मिटेपर्यंत त्यातले काहीही नष्ट करू नये.

प्रत्येक पुढच्या बैठकीचा पहिला विषय ‘मागील सल्ल्यावर व्यवस्थापनाने काय केले’ हा ठेवावा. स्वीकारला, काही भाग स्वीकारला, स्वीकारला नाही किंवा विचाराधीन आहे, यांपैकी एक शेरा आणि एक ओळीचे कारण पुरे. तुर्भ्याच्या त्या कंपनीत वितरण सल्लागारांना आपले म्हणणे का मानले गेले नाही हे या विषयामुळे कळले, आणि त्यांनी सहा महिन्यांच्या मुदतीत माल कमी अंतराने, लहान खेपांत दुकानांपर्यंत पोहोचवण्याचा वेगळा उपाय मांडला. तो सल्ला पुन्हा पहिल्या कागदावर गेला आणि त्याच्यावरचा निर्णय दुसऱ्या.

आता पाठवून झालेल्या इतिवृत्ताबद्दल. ते मागे घेऊन गुपचूप नवी प्रत पाठवू नये आणि जुनी फाइल बदलू नये. मॅडमचा मेल, जुने इतिवृत्त आणि आपली टिपणे समोर ठेवून आधी त्यांच्याशी फोनवर बोलावे आणि त्यांचा सल्ला त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावा. उरलेल्या दोघांच्या बाबतीतही हेच करावे, कारण ‘ठरले’ या वाक्यात त्यांचीही मते दबली असण्याची शक्यता आहे. मग आजच्या तारखेची दुरुस्ती नोंद करून ती मूळ इतिवृत्ताला जोडावी आणि ज्यांना मूळ गेले होते त्या सर्वांना पाठवावी. तिचा मजकूर साधारण असा ठेवता येईल: ‘दिनांक अमुकच्या इतिवृत्तातील विषय क्रमांक तीनखालील “असे ठरले” हे वाक्य रद्द समजावे. या विषयावर सदस्यांनी दिलेला सल्ला पुढीलप्रमाणे आहे. या विषयावरील निर्णय व्यवस्थापकीय संचालकांनी घेतला असून त्याची नोंद स्वतंत्र आहे.’ त्याबरोबर एमडींकडून निर्णय नोंद करून घ्यावी. तिच्यावर आजचीच तारीख असावी, आणि निर्णय मूळ बैठकीच्या दिवशी घेतला होता हे मजकुरात लिहावे. मॅडमचा सल्ला का स्वीकारला नाही, याचे कारण तिथे त्यांनी स्वतः लिहावे, आपण त्यांच्या वतीने सुचवू नये. ते कारण लिहायला बसल्यावर निर्णय बदलावासा वाटला तर तोही त्यांचाच अधिकार आहे, आणि त्याची नवी, वेगळ्या तारखेची नोंद होईल.